चेहरा लपवा, पण मुलाखत मरू देऊ नका

ओळख लपवायची असलेल्या माणसाची व्हिडिओ मुलाखत घेऊन नंतर चेहरा धूसर केला, तर त्याने मान वळवताच एखाद्या फ्रेममध्ये तो उघडा पडतो. त्यापेक्षा शूट करतानाच चेहरा अंधारात ठेवा.

१. माणसाला खिडकीकडे पाठ करून बसवा, खोलीतले दिवे बंद करा आणि एक्स्पोजर खिडकीवर लॉक करा. खिडकीला पांढरी चादर लावा. इंदुरात मागे राजवाड्याचा माथा दिसला की मोहल्ला कळलाच!

२. एडिटिंगमध्ये शॅडो पूर्ण वर ओढून पाहा. नाक-डोळे दिसले, तर तो भाग आधी काळा करा.

३. आवाजाची पट्टी नुसती खाली-वर करू नका, ती उलट फिरवून मूळ आवाज बऱ्यापैकी परत मिळतो. वाक्यं जशीच्या तशी उतरवून दुसऱ्याकडून बोलून घ्या, थांबे आणि उसासे मूळ जागीच ठेवा. मूळ ट्रॅक फाइलमधून काढाच, आणि आवाज दुसऱ्याचा असल्याचं पडद्यावर लिहा.

४. काळी आकृती सलग पाहवत नाही. मध्ये मध्ये चुरगळणारा रुमाल, चहाचा कप, हलणारा पाय असे जवळचे शॉट घाला.

हातावरचं गोंदण आणि अंगठी मात्र आधी झाका. घरचे लोक तेवढ्यावरूनही ओळखतात.