महिनाअखेरचं बिलिंग बंद करताना आगाऊ एएमसीचा हिशेब कसा लावावा

जळगावच्या या ऑफिसात माझ्या जागी येणाऱ्या अकाउंटंटसाठी हे लिहून ठेवतोय. टॅली येते आणि बँकेचा मेळ घालता येतो, हे धरून चालतो.

शेवटच्या तारखेला सपोर्टवाल्यांकडून झालेल्या कामांची यादी घ्या आणि राहिलेली बिलं काढा. बिल काढताना ग्राहकाच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन अंक बघा. २७ असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी, सुरतचा २४ किंवा बऱ्हाणपूरचा २३ असेल तर आयजीएसटी. मग बँकेचा मेळ. हे सगळं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

खरा वेळ एएमसीच्या बिलांना द्या. आपले जिनिंगवाले सीझन सुरू होताना, म्हणजे दिवाळीच्या आसपास, वर्षभराची एएमसी घेतात आणि आपण बिल एकदम काढतो. पण सेवा वर्षभर द्यायची असते. म्हणून बिल झालं म्हणजे उत्पन्न झालं असं नाही. "सगळं विक्रीत टाका, मार्चला सीए बघून घेतील," असं सांगणारे भेटतील. ते ऐकू नका. तसं केलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरला भरघोस नफा दिसतो, फेब्रुवारीला तोटा, आणि शेठ त्या आकड्यांवर पगारवाढ ठरवून बसतात.

एक बिल पूर्ण बघू. एएमसी ६०,००० रुपये, मुदत १६ ऑक्टोबर २०२५ ते १५ ऑक्टोबर २०२६. १८ टक्क्यांनी जीएसटी १०,८०० आणि एकूण बिल ७०,८००. ग्राहकाच्या नावे ७०,८०० टाका. जमा बाजूला ६०,००० 'आगाऊ एएमसी' या खात्यात, जे चालू देण्यांत उघडलेलं आहे, आणि १०,८०० जीएसटीच्या खात्यांत. पैसे आलेत की नाहीत, याचा या नोंदीशी संबंध नाही.

आता महिन्याचा वाटा. बाराने भागून ५,००० धरू नका, कारण मुदत महिन्याच्या मध्यावर सुरू झाली आहे. दर महिन्याचा वाटा वेगळा काढतही बसू नका, पैशांची गोळाबेरीज वर्षअखेर थोडी थोडी चुकतेच. मी उलटं करतो. महिनाअखेर किती दिवसांची सेवा द्यायची उरली ते काढतो, तेवढी रक्कम खात्यात ठेवतो आणि बाकीची उत्पन्नात नेतो. शीटमध्ये B ला सुरुवातीची तारीख, C ला शेवटची, D ला जीएसटी सोडून रक्कम आणि F1 ला महिनाअखेरची तारीख आहे:

```
=ROUND(D2*MAX(0,MIN(C2-F$1,C2-B2+1))/(C2-B2+1),0)
```

३१ ऑक्टोबरला ३६५ पैकी ३४९ दिवस उरतात, म्हणजे ५७,३७० रुपये. ऑक्टोबरचं उत्पन्न फक्त २,६३०. तेवढ्याची जर्नल नोंद करा: आगाऊ एएमसी नावे, एएमसी उत्पन्न जमा. मुदत अजून सुरूच झाली नसेल तर हे सूत्र पूर्ण रक्कम उरलेली दाखवतं, आणि ते बरोबर आहे.

जीएसटी मात्र वाटायचा नाही. ऑक्टोबरचं बिल म्हणून पूर्ण ६०,००० आणि त्यावरचा पूर्ण कर ऑक्टोबरच्याच विवरणात जातो. आपण दरमहा भरतो, त्यामुळे GSTR-1 ११ नोव्हेंबरपर्यंत आणि GSTR-3B २० नोव्हेंबरपर्यंत. विवरणातली उलाढाल आणि वहीतलं उत्पन्न जुळणार नाही. जुळवायच्या नादात एकही नोंद फिरवू नका. फरकाचा तक्ता करून फाइलला लावा.

जर्नल झाली की शीटची एकूण बाकी आणि टॅलीतल्या खात्याची बाकी शेजारी ठेवा. रुपयाचाही फरक चालवून घेऊ नका, फरकाचा आकडाच बहुतेक वेळा चूक दाखवतो. टॅलीत १०,८०० जास्त असले तर कुणीतरी कर धरून रक्कम आगाऊमध्ये टाकली आहे. ६०,००० कमी असले तर बिल थेट विक्रीत गेलंय.

ग्राहकाने मध्येच एएमसी बंद केली तर सपोर्टवाले आपण होऊन सांगत नाहीत. दर महिन्याला त्यांना यादी दाखवून विचारा. बंद झालेली असेल आणि पैसे परत करायचे ठरले असतील, तर क्रेडिट नोट काढा आणि खात्यातली बाकी त्यातूनच कमी करा. ती बाकी उत्पन्नात ढकलू नका.

मार्चला "वर्ष संपलं, खातं शून्य करा" असं कुणी म्हणालं तरी करू नका. वरच्या बिलात ३१ मार्चपर्यंत १६७ दिवस झालेले असतात, ३२,५४८ रुपयांची सेवा अजून द्यायची असते. ती रक्कम ताळेबंदात देणं म्हणून पुढच्या वर्षात जाते, आणि एप्रिलची पहिली जर्नल तिच्यातूनच निघते.