साबुदाण्याची मोकळी खिचडी: पाणी नेमकं किती, कधी आणि का

खिचडीचा गोळा कढईत होतो असं दिसत असलं, तरी बहुतेक वेळा तो आदल्या रात्रीच ठरलेला असतो. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला जवळजवळ निव्वळ स्टार्च. तो पाणी पितो, फुगतो आणि गरम झाला की चिकट व पारदर्शक होतो. प्रत्येक दाण्याला आतपर्यंत फुगण्यापुरतं पाणी मिळालं आणि बाहेर काही उरलं नाही, तर दाणे सुटे राहतात. उरलेल्या पाण्यात मात्र स्टार्चची खळ तयार होते आणि तीच दाणे एकमेकांना चिकटवते.

दुकानातून आणताना पांढरा, अपारदर्शक, मध्यम आकाराचा साबुदाणा घ्यावा. नायलॉन साबुदाणा म्हणून मिळतो तो चिवड्यासाठी तळायचा. खिचडीसाठी तो घेऊ नये. पुड्याच्या तळाशी पीठ साचलं असेल, तर साबुदाणा आधी चाळून घ्यावा.

धुणं आणि भिजवणं

चार जणांसाठी दोन वाट्या साबुदाणा घेऊ. पसरट पातेल्यात घालून भरपूर पाण्यात हलक्या हाताने दोन-तीनदा धुवावा. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं निघतं, कारण दाण्यांवरचं सुटं पीठ त्यात उतरतं. पाणी बऱ्यापैकी नितळ दिसेपर्यंत धुवायचं, पण दाणे चोळायचे नाहीत. चोळले की ते झिजतात आणि नवं पीठ सुटतं. मग चाळणीत ओतून पाच मिनिटं पूर्ण निथळू द्यावं.

निथळलेला साबुदाणा पातेल्यात सपाट पसरावा आणि त्याच वाटीने मोजून दीड वाटी पाणी घालावं, म्हणजे एका वाटीला पाऊण वाटी. पाणी दाण्यांच्या पातळीला किंवा त्याहून किंचित वर दिसायला हवं. ते बोटभर वर दिसलं, तर जादा पाणी लगेच काढून टाकावं. सकाळपर्यंत वाट पाहू नये. भांडं पसरटच हवं, कारण उंच डब्यात तळाचे दाणे पाण्यात बसतात आणि वरचे कोरडे राहतात. तासाभराने एकदा हाताने अलगद खाली-वर केलं की हा फरकही उरत नाही.

झाकून पाच ते सहा तास ठेवावं. रात्री भिजवून सकाळी करणं सोयीचं पडतं. कडक उन्हाळ्यात मात्र रात्रभर बाहेर ठेवलेल्या साबुदाण्याला आंबूस वास येऊ शकतो. तेव्हा दोन-तीन तासांनी तो फ्रीजमध्ये ठेवावा आणि करायच्या तासभर आधी बाहेर काढावा.

भिजला की नाही, हे घड्याळावरून ठरवू नये. तळातला एक आणि वरचा एक दाणा घेऊन अंगठा व तर्जनीत दाबावा. तो सहज चपटा झाला आणि मध्ये कणी लागली नाही, तर भिजला. कणी लागली, तर दोन-तीन चमचे पाण्याचा हबका मारून झाकून अर्धा तास ठेवावा. वाटीभर पाणी ओतायचा मोह टाळावा. ते आतल्या कणीपर्यंत पोचण्याआधी बाहेरचा थर मऊ पडतो.

उलट, साबुदाणा ओलसर, एकमेकांना धरून बसलेला दिसला, तर चाळणीत निथळून कोरड्या सुती पंचावर अर्धा-पाऊण तास पसरून ठेवावा. दाणा बोटांनी मोकळा होतो का, ते बघावं. बोटाला पिठुळ लगदा लागू लागला असेल, तर खिचडीचा हट्ट सोडून त्यात उकडलेला बटाटा कुस्करावा आणि वडे किंवा थालीपीठ लावावं.

दाण्याचं कूट

मोकळेपणाचा दुसरा आधार म्हणजे कूट. शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, पूर्ण गार करून सालं काढावीत. गरम दाणे मिक्सरमध्ये फिरवले की तेल सुटतं आणि कुटाचा गोळा होतो. मिक्सर थांबत-थांबत फिरवून जाडसर, रवाळ कूट करावं.

दोन वाट्या साबुदाण्याला सव्वा ते दीड वाटी कूट लागतं. ते कढईत नंतर टाकण्यापेक्षा, चवीपुरतं मीठ आणि दोन चमचे साखर यांच्याबरोबर साबुदाण्यातच आधी कालवावं. असं केलं की प्रत्येक दाण्यावर कुटाचा थर बसतो. तो थर वरची ओल शोषतो आणि दाणे एकमेकांना थेट टेकू देत नाही. कालवणं मात्र फोडणीच्या तोंडावर करावं. मीठ घातलेलं मिश्रण तासभर पडून राहिलं तर ओलसर होतं.

कढईत

कढई जाड बुडाची आणि पसरट घ्यावी. दोन वाट्यांपेक्षा जास्त साबुदाणा असेल, तर दोन घाण्यांत करावा. थर जाड झाला की वाफ आतच कोंडते, खालचे दाणे शिजून गळतात आणि वरचे पांढरेच राहतात.

तीन मोठे चमचे तूप तापवून एक चमचा जिरं तडतडू द्यावं आणि चार-पाच हिरव्या मिरच्यांचे तुकडे घालावेत. उपासाला जिरं चालत नसेल, तर नुसती मिरची पुरते. मग मध्यम बटाट्याच्या पातळ काचऱ्या घालून झाकण ठेवून शिजवाव्यात. बटाटा इथेच पूर्ण शिजायला हवा. साबुदाणा घातल्यावर त्याच्यासाठी थांबावं लागलं, तर खिचडी गिच्च होते.

आता साबुदाणा घालून आच मंद ते मध्यम ठेवावी. उलथनं कडेने तळापर्यंत नेऊन खालचं वर आणावं; मध्ये ढवळू नये. तीन-चार मिनिटांत काही दाणे काचेसारखे दिसू लागतात. तेव्हा झाकण ठेवून एक वाफ आणावी, दोन मिनिटांची. झाकण काढताना त्याच्या आतलं पाणी कढईत पडू देऊ नये. परत एकदा खाली-वर करून बहुतेक दाणे पारदर्शक आणि एखाददुसरा पांढुरका असतानाच गॅस बंद करावा. उरलेलं काम कढईची ऊब करते. शेवटचा पांढरा दाणा जाईपर्यंत परतत बसणं, ही चांगली जमलेली खिचडी बिघडवायची हमखास पद्धत.

लिंबू गॅस बंद केल्यावर पिळावं. वरून ओलं खोबरं, आणि घरी उपासाला चालत असेल तर कोथिंबीर.

गॅसवर असतानाच खिचडी चिकटू लागली, तर झाकण काढून आच थोडी वाढवावी, दोन मोठे चमचे कूट भुरभुरावं आणि हलवणं कमी करावं. पाणी चुकूनही घालू नये. दाणे दडदडीत राहिले असतील, तरच पाण्याचा हलका हबका आणि आणखी एक छोटी वाफ.

गार झालेली खिचडी कडक होते, कारण शिजलेला स्टार्च थंड झाला की पुन्हा घट्ट बसतो. डब्यात द्यायची असेल, तर तूप चमचाभर जास्त घालावं आणि डबा वाफ गेल्यावर बंद करावा. घरी परत गरम करताना चमचाभर पाणी शिंपडून, झाकून मंद आचेवर मिनिटभर ठेवली की दाणे पुन्हा मऊ होतात.