दारावरची पाटी पुसायला गेलात आणि तीच पाठवून बसलात: फोटोतल्या नको त्या गोष्टी काढताना या चुका टाळा

पुतण्याच्या बारशाचा फोटो. पाळणा, झेंडूच्या माळा, थर्माकोलवर बाळाचं नाव आणि तारीख, मागे उघडं दार, दारावर नावाची पाटी फ्लॅट नंबरसकट. वहिनीला फोटो स्टेटसला ठेवायचा होता. तिने एक फुकटची वेबसाइट शोधली, पाटीवर बोट फिरवलं आणि काही सेकंदांत तिथे कोरं दार आलं. "मूळ फोटो कुठे आहे?" मी विचारलं. "फोनमध्येच आहे की, भाऊजी."

होताच. पण त्याची एक प्रत बाहेरही गेली होती. बऱ्याचशा वेबसाइटवर पुसण्याचं काम तुमच्या फोनवर होत नाही, त्यांच्या सर्व्हरवर होतं. त्यासाठी दोन गोष्टी पाठवल्या जातात: अख्खा मूळ फोटो आणि मास्क. मास्क म्हणजे साधारणपणे एक काळं-पांढरं चित्र, तुमचं बोट जिथे फिरलं तेवढाच भाग पांढरा. थोडक्यात, काय लपवायचंय ते आपणच खूण करून कळवतो. पाटी लपली ती फक्त स्टेटस बघणाऱ्यांपासून, आणि त्यातल्या निम्म्यांना पत्ता तसाही पाठ होता.

म्हणून पहिली चूक हीच: लपवण्यासाठी अशी वेबसाइट वापरणं. वाळत घातलेले कपडे काढायचे असतील तर एक वेळ ठीक. गाडीचा नंबर, शाळेचा बॅज, टेबलावर राहिलेलं आधार कार्ड यांसाठी नाही. ते फोनच्या गॅलरीतच कापून टाका किंवा वर गडद, भरीव चौकोन ठेवून नवी प्रत सेव्ह करा. मार्कर पेन फिरवत असाल तर जपून. त्याची शाई थोडी पारदर्शक असेल, तर ब्राइटनेस वाढवल्यावर खालची अक्षरं परत दिसू शकतात.

वेबसाइट फोटो खरंच बाहेर पाठवते का, हे घरबसल्या तपासता येतं. पान पूर्ण उघडू द्या, मग एअरप्लेन मोड चालू करा, वायफायही बंद आहे ना ते बघा. आता ज्यात खासगी काही नाही असा फोटो, समजा नुसत्या कुंडीचा, निवडून त्यातलं काहीतरी पुसून बघा. जमलं तर काम तुमच्याच ब्राउझरमध्ये होतंय. चाक नुसतं फिरत राहिलं किंवा एरर आली, तर फोटो बाहेर जातो असंच धरून चाला. Photopea या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटो एडिटरमधला Spot Healing Brush या परीक्षेत पास होतो. त्यातल्या एआयवाल्या सोयी मात्र सर्व्हरवर चालतात.

दुसरी चूक फोटोत दिसतच नाही. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर फाइलमध्ये अक्षांश-रेखांश, वेळ आणि फोनचं मॉडेल नोंदलेलं असतं. पाटी पुसली तरी घराची जागा काही मीटरच्या फरकाने तिथे असतेच. फोनवरून अपलोड करताना ही नोंद कधी गळते, कधी नाही. केबलने संगणकावर घेतलेल्या फाइलमध्ये ती सहसा शाबूत असते. संगणकावर ExifTool हा प्रोग्राम असेल तर त्यातली जागेची नोंद अशी काढता येते:

```
exiftool -gps:all= barse.jpg
```

मूळ फाइल `barse.jpg_original` नावाने बाजूला राहते, तेव्हा अपलोड करताना चुकून तीच उचलू नका. हे सगळं नको असेल तर फोटोच्या हव्या तेवढ्या भागाचा स्क्रीनशॉट घ्या. दर्जा थोडा उतरतो, पण कॅमेऱ्याने नोंदलेली जागा त्यात येत नाही.

तिसरी चूक म्हणजे वेबसाइटवरच्या "२४ तासांत फोटो डिलीट होतात" या ओळीवर डोळे झाकून विश्वास ठेवणं. तयार फोटोवर राइट क्लिक करून त्याचा पत्ता कॉपी करा आणि तो इन्कॉग्निटो विंडोमध्ये उघडा. लॉगिन न करता फोटो दिसला, तर ती लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला तो दिसणार. (पत्ता `blob:` ने सुरू होत असेल तर तो फक्त तुमच्याच ब्राउझरमधला असतो, त्यावरून काही ठरवू नका.) मुदत संपल्यावर पुन्हा उघडून बघा.

वहिनीची लिंक दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही उघडत होती. आम्ही प्रायव्हसी पॉलिसीतल्या ईमेलवर लिंक आणि अपलोडची वेळ लिहून पाठवली, आणि तयार फोटोबरोबर मूळ फोटो नि मास्कही काढा असं स्पष्ट मागितलं. तुम्ही खातं उघडलं असेल तर ते आधी बंद करू नका. आधी आतले फोटो डिलीट करा, नाहीतर तो फोटो तुमचाच होता हे दाखवायला हातात काही उरत नाही.

तीन दिवसांनी लिंक बंद पडली. उत्तर मात्र आलं नाही, त्यामुळे मूळ फोटोचं काय झालं ते कळायला मार्ग नाही. परवा वहिनीने तोच फोटो पुन्हा उघडला. पाटी अगदी उजव्या कडेला होती, बोटभर क्रॉप केलं असतं तरी गेली असती.