नवा नळ गळतोय? मुदतीत बदलून मागण्याचे पत्र असे लिहा

नवा बेसिन मिक्सर बंद केल्यावरही तोंडातून ठिबकत असेल, तर दोष बहुधा आतल्या कार्ट्रिजचा असतो. त्यातल्या दोन सिरॅमिक चकत्या एकमेकींवर घट्ट बसून पाणी अडवतात. पण त्यांच्यात वाळूचा कण अडकला तरी नळ तसाच ठिबकतो, आणि दुकानदार पहिल्यांदा तेच म्हणणार. म्हणून आधी खात्री करा.

नळाच्या तोंडाची जाळी काढा आणि दांडा डावीउजवीकडे फिरवत पाणी जोरात सोडा. कण असेल तर बऱ्याचदा वाहून जातो. मग नळ बंद करा. उरलेलं पाणी थोडा वेळ ठिबकेल, ते निथळू द्या आणि तोंड पुसून दहा मिनिटं थांबा. तरीही थेंब येत असतील तर व्हिडिओ काढा. त्यात दांडा बंद असल्याचं स्पष्ट दिसायला हवं. पाणी खाली जोडनळीच्या नटापाशी झिरपत असेल, तर तो बसवणीचा दोष, त्यासाठी पत्र नको. नळ स्वतः खोलू नका. पान्याचा एक ओरखडाही ‘वापरलेला माल’ म्हणायला पुरतो.

पत्रात तारखा आणि मागणी नेमकी हवी. उदाहरणार्थ:

दि. 12 जून
मा. दुकानमालक यांस,
विषय: सदोष मिक्सर नळ बदलून मिळण्याबाबत
महोदय, दि. 5 जून रोजी आपल्याकडून बिल क्र. 418 ने बेसिन मिक्सरचा संच रु. 2,850 ला घेतला. बिलावर बदलून देण्याची मुदत 10 दिवस आहे. दि. 8 रोजी प्लंबरने तो बसवला. दांडा पूर्ण बंद असतानाही तोंडातून पाणी गळते. जाळी काढून पाणी सोडून पाहिले, फरक पडला नाही. कार्ट्रिज सदोष असावे. नळ, जोडनळ्या, नट-वॉशर व खोका सोबत आणला आहे. कृपया त्याच मॉडेलचा नवा संच द्यावा. तो नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी.
सोबत: बिलाची प्रत. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवला आहे.
आपला,
(नाव, सही, फोन)

पत्राच्या दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. मूळ बिल आपल्याकडेच ठेवा. सही द्यायला टाळाटाळ झाली, तर तिथूनच पत्राचा फोटो व्हॉट्सॲप करा, म्हणजे मुदतीतली तारीख नोंदली जाते.

‘कंपनीला फोन करा, माणूस येऊन कार्ट्रिज बदलेल’ असं हमखास ऐकायला मिळतं. ती वॉरंटी झाली. ती मुदत संपल्यावरही चालते, बदलून घेण्याची संधी मात्र तोवर निघून जाते. त्यामुळे पत्र दिल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असलं तरी सदोष मालाची गोष्ट वेगळी आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार, बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर 30 दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पहिल्या पत्रात कायदा काढू नये, उगाच तेढ वाढते. नकार आला तर दुसऱ्या पत्रात हे वाक्य घाला आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.