कवच धुऊन न जाणारा साल्मोनेला : अंडी वापरताना या चुका टाळा

अंडे आणले की नळाखाली धुवायचे, विष्ठेचा डाग दिसला तर घासून काढायचा आणि मग निर्धास्त व्हायचे, ही पद्धत गोव्यातील अनेक घरांत आणि गाड्यांवर दिसते. कवचावरची घाण हा साल्मोनेला या अन्नविषबाधा करणाऱ्या जंतूचा एक मार्ग आहेच. परंतु साल्मोनेला एन्टेरिटिडिस हा प्रकार कवच तयार होण्यापूर्वीच, कोंबडीच्या शरीरात असताना अंड्यात उतरू शकतो. असे अंडे बाहेरून लखलखीत असते, त्याला तडा नसतो, वास नसतो, आणि ते घालणारी कोंबडीही बहुधा ठणठणीत दिसते.

कोंबडीने दूषित खाद्य किंवा उंदराची लेंडी टिपली की जंतू आतड्यात वाढतात, आतड्याची भिंत ओलांडून शरीराच्या संरक्षक पेशींमध्ये शिरतात आणि त्यांच्याबरोबर यकृत, प्लीहा व अंडाशयापर्यंत पोहोचतात. अंडाशयातून पिवळा बलक सुटतो, तेव्हा त्याच्याभोवती केवळ पातळ पडदा असतो. पुढे अंडनलिकेत सुमारे तीन तासांत त्यावर पांढरा बलक चढतो, नंतर तासाभरात कवचाखालचे पापुद्रे तयार होतात, आणि शेवटी गर्भाशयासारख्या भागात वीसेक तास थांबल्यावर चुन्याचे कठीण कवच बनते. अंडाशयाला किंवा नलिकेच्या आतील अस्तराला जंतू चिकटलेले असतील, तर ते बलकाच्या पडद्यावर किंवा पांढऱ्यात मिसळतात आणि त्यांच्यावरच कवच चढते. प्रत्यक्ष पिवळ्याच्या आत ते क्वचितच सापडतात.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. बाधित कोंबडीही प्रत्येक अंड्यात जंतू सोडत नाही, अधूनमधून एखाद्यातच सोडते. आणि ताज्या दूषित अंड्यात जंतू बहुधा मोजकेच असतात. पांढऱ्यातील एक प्रथिन लोह बांधून ठेवते, त्यामुळे जंतूंची वाढ रोखली जाते. लोह आणि पोषण पिवळ्यात असते, आणि मधला पडदा शाबूत असेपर्यंत ते जंतूंना मिळत नाही. हा पडदा काळाबरोबर सैल होतो, उष्णतेत तर फारच लवकर. अंडे किती दिवस आणि किती अंशांवर ठेवले, यावर धोका वाढणे-न वाढणे अवलंबून असते, ते यामुळेच.

अंडी ओट्यावरच ठेवणे

गोव्यात विकली जाणारी बरीचशी अंडी घाटावरून, बेळगावकडून ट्रकने येतात आणि दुकानात उघड्या ट्रेमध्ये राहतात. एप्रिल-मेमध्ये तापमान तिशीच्या पुढे असते, म्हणजे पडदा सैल होण्यास काही दिवस पुरेसे ठरतात. सात अंशांच्या खाली हे जंतू जवळजवळ वाढत नाहीत. अमेरिकेच्या २००९ च्या नियमातही अंडी घातल्यापासून ३६ तासांत साधारण याच तापमानाखाली ठेवण्याची अट आहे. आपल्याला दुकानापूर्वीचा इतिहास बदलता येत नाही, परंतु घरी आणल्यावर अंडी लगेच फ्रीजच्या आतल्या कप्प्यात ठेवणे आपल्या हाती आहे. दरवाजातील खाचा अंड्यांसाठीच केलेल्या असल्या, तरी दार उघडताच तिथले तापमान सर्वात आधी चढते. वीज खंडित होऊन फ्रीज बराच वेळ बंद राहिला असेल, तर त्यातील अंडी अर्धीकच्ची खाऊ नयेत.

अंडे जुने झाले आहे का, हे फोडल्यावर कळते. ताज्या अंड्याचा पिवळा बलक बशीत घुमटासारखा उभा राहतो. जुन्याचा चपटा पसरतो आणि कवचाची कड लागली तरी फुटतो. पडदा कमजोर झाल्याची ही खूण आहे. जंतू आहेत की नाहीत हे यावरून कळत नाही, पाण्यात अंडे तरंगते का हे पाहूनही कळत नाही. अंडे तरंगते ते आतील हवेचा कप्पा मोठा झाल्यामुळे.

एकाच भांड्यात ट्रेभर अंडी फेटून ठेवणे

माझ्या मते गोव्यातील खाद्यव्यवसायात सर्वाधिक नुकसान करू शकणारी चूक हीच आहे. रस ऑम्लेटच्या गाड्यावर सायंकाळी सहा वाजता तीस अंडी मोठ्या भांड्यात फोडून ठेवली, असे समजा. त्यांतील एका अंड्यात दहा जंतू आहेत. ते अंडे वेगळे फोडून तव्यावर गेले असते, तर दहा जंतूंचा प्रश्न एकाच बशीपुरता राहिला असता. भांड्यात मात्र पिवळे आणि पांढरे एकत्र होते, पांढऱ्याचे संरक्षण संपते, आणि हवा बत्तीस अंशांची असते. सुरुवातीचा थोडा वेळ सोडला आणि संख्या दर अर्ध्या तासाला दुप्पट होते असे गृहीत धरले, तर पाच तासांच्या वाढीत दहाचे दहा हजारांवर होतात, आणि ते भांड्यातील प्रत्येक पळीत असतात.

यात आणखी भर म्हणजे भांडे संपत आले की त्यातच नवी अंडी फोडली जातात. त्यामुळे जुने मिश्रण नव्याला विरजण लावते. त्याच हाताने कांदा-कोथिंबीर भुरभुरली, किंवा पळी बाजूच्या कच्च्या कांद्याच्या पातेल्यावर टेकवली, की तव्याच्या उष्णतेचाही उपयोग राहत नाही. उपाय साधा आहे: मागणीप्रमाणे एकेक ऑम्लेटची अंडी फोडावीत. गर्दीत ते जमत नसेल, तर सहा-आठ अंड्यांचे लहान भांडे बर्फात ठेवून वापरावे आणि रिकामे झाल्यावर त्यात भर न घालता धुतलेले दुसरे भांडे घ्यावे.

कच्च्या अंड्याचे पदार्थ

बेबिंकामध्ये पिवळे बलक भरपूर असले, तरी प्रत्येक थर भाजला जात असल्याने तयार बेबिंकाचा प्रश्न येत नाही. गोडी पाहण्यासाठी बोटाने चाखलेल्या कच्च्या मिश्रणाचा येतो. घरगुती मेयोनीज, मूस आणि कच्च्या बलकाचे तिरामिसू यांना तर चूलच लागत नाही. थोडे लिंबू पिळल्याने जंतू मरतील असे मानू नये. या पदार्थांसाठी पाश्चराइझ केलेले द्रव अंडे घ्यावे, किंवा बलक साखरेसह उकळत्या पाण्यावरील भांड्यात ढवळत ७१ अंशांपर्यंत तापवावा. स्वयंपाकाचा थर्मामीटर इथे खरोखर कामाचा आहे. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्यासाठी हाफ फ्राय टाळून पिवळा पूर्ण घट्ट होईपर्यंत शिजवावे.

गावठी म्हणजे सुरक्षित असे मानणे

कोंबडी देशी असली तरी जंतूंचा मार्ग तोच असतो. परसातील खुराड्याखाली उंदीर फिरत असतील, तर धोका वाढतो, कारण बाधित उंदराच्या एका लेंडीत सुमारे एक लाख जंतू असू शकतात. उरलेले खाद्य रात्री उघडे ठेवू नये, धान्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे आणि खुराड्याच्या फटी बुजवाव्यात. कोंबड्या विकत घेताना पालक कळप तपासलेल्या हॅचरीतून पिल्ले घेणे आणि लसीकरण करणे हे अंडी धुण्यापेक्षा कितीतरी परिणामकारक आहे, कारण ते जंतूंना अंडाशयापर्यंत जाण्यापूर्वीच अडवते. ब्रिटनमध्ये १९९८ पासून लायन या दर्जाच्या चिन्हाच्या अंड्यांसाठी कोंबड्यांचे लसीकरण व तपासणी लागू झाली, आणि २०१७ मध्ये तेथील अन्नसुरक्षा यंत्रणेने त्या अंड्यांपुरता, गरोदर स्त्रियांनी अर्धीकच्ची अंडी टाळावीत हा सल्लाही मागे घेतला. लस धोका कमी करते, शून्य करत नाही. म्हणून तेथेही लसीबरोबर उंदरांचे नियंत्रण आणि शेडमधील धूळ व विष्ठेची तपासणी चालू ठेवली जाते. चार अंडी प्रयोगशाळेत देऊन कळप स्वच्छ ठरवता येत नाही. जंतू एखाद्याच अंड्यात उतरतात, शेडच्या धुळीत मात्र ते सापडण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.