राज्यशास्त्राच्या उत्तरात ओघतक्ता काढताना या चुका टाळा

‘विधेयकाचे कायद्यात रूपांतर कसे होते?’ या प्रश्नाला अनेक विद्यार्थी पाच चौकटी आणि चार बाण काढून मोकळे होतात: मांडणी, पहिले सभागृह, दुसरे सभागृह, राष्ट्रपती, कायदा. हा तक्ता नीटनेटका असला तरी सारे काही सुरळीत पार पडले तरच तो खरा ठरतो. दुसऱ्या सभागृहाने विधेयक अडवले तर पुढे काय, हे त्यातून कळत नाही, आणि गुण मुख्यतः तिथेच निसटतात. म्हणून तक्ता काढून झाल्यावर प्रत्येक चौकटीवर पेन्सिल टेकवून ‘इथे नकार मिळाला तर?’ असे विचारावे. उत्तरासाठी बाण नसेल, तर तक्ता अपुरा आहे.

वरच्या तक्त्यात दुसऱ्या सभागृहापासून दोन बाण निघायला हवेत. ‘संमत’ असे लिहिलेला बाण राष्ट्रपतींकडे जाईल. दुसऱ्यावर ‘फेटाळले, दुरुस्त्यांवर मतभेद किंवा सहा महिने उलटले’ असे लिहून तो ‘संयुक्त बैठक, कलम १०८’ या चौकटीकडे न्यावा. तिथे विधेयक संमत झाले तर तेही राष्ट्रपतींकडेच जाते. राष्ट्रपतींच्या चौकटीतून तीन वाटा फुटतात: संमती, संमती रोखणे आणि फेरविचारासाठी परत पाठवणे. परतीचा बाण संसदेकडे उलटा वळवावा आणि त्याशेजारी ‘पुन्हा संमत झाल्यास संमती बंधनकारक’ एवढे लिहावे. बाणांवर शब्द नसतील, तर हे सगळे बारकावे वाया जातात.

दुसरी चूक अधिक महाग पडते, ती म्हणजे सर्व विधेयकांना एकच तक्ता लावणे. धनविधेयक फक्त लोकसभेत मांडले जाते, राज्यसभेला ते १४ दिवसांत परत करावे लागते, आणि त्यासाठी संयुक्त बैठक होत नाही. घटनादुरुस्ती विधेयकासाठीही ती होत नाही. तक्त्याला ‘सामान्य विधेयक’ असे शीर्षक दिले की ही गफलत टळते.

तक्त्यात दाखवलेल्याच पायऱ्या खाली परिच्छेदात पुन्हा लिहिल्या, तर वेळ वाचण्याऐवजी दुप्पट जातो. परिच्छेद कारणांसाठी राखावा. संयुक्त बैठकीत निर्णय उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतो आणि लोकसभेची सदस्यसंख्या राज्यसभेच्या दुपटीहून अधिक आहे, त्यामुळे पारडे सहसा लोकसभेकडे झुकते. तरीही १९६१, १९७८ आणि २००२ अशा तीनच वेळा या मार्गाने विधेयके संमत झाली आहेत. हुंडा प्रतिबंधक विधेयक हे त्यांतले पहिले. बाण आणि चौकटींना हे सांगता येत नाही.

‘राज्यसभेच्या उपयुक्ततेचे मूल्यमापन करा’ अशा प्रश्नात मात्र ओघतक्ता काढू नये, कारण तिथे पायऱ्या नसून युक्तिवाद मांडायचे असतात.