लग्नानंतरचे नाव आणि परीक्षेचे प्रवेशपत्र: या चुका टाळा

बँकेच्या परीक्षांचे अर्ज मी बरीच वर्षे भरून देत आलो आहे, आणि लग्न झालेल्या मुलींची केंद्राच्या फाटकावरची अडचण दर वेळी तीच असते: प्रवेशपत्रावर माहेरचे नाव, आधारकार्डावर सासरचे, आणि दोन्ही नावे जोडणारा कागद जवळ नाही. आयबीपीएसची अट स्पष्ट आहे. प्रवेशपत्र आणि ओळखपत्र यांवरील नाव तंतोतंत जुळले पाहिजे. नाव बदललेले असल्यास राजपत्रातील अधिसूचना, विवाह प्रमाणपत्र किंवा प्रतिज्ञापत्र यांपैकी एक मूळ स्वरूपात दाखवावे लागते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे विवाह प्रमाणपत्राने सगळे भागते असे समजणे. फोंड्याची एक विद्यार्थिनी शाळेत सुषमा नाईक होती. लग्नात नाव बदलून ती श्रावणी गावडे झाली. अर्ज दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरलेला, आधार मात्र नव्या नावाचे. तिने मूळ विवाह प्रमाणपत्र जपून नेले होते. पर्यवेक्षकांनी ओळींवर बोट ठेवून ते वाचले: वधू सुषमा नाईक, वराचे आडनाव गावडे. आडनावाचा दुवा लागला, पण ‘श्रावणी’ हा शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता. तिला परत पाठवले, आणि वर्षभराचा अभ्यास फाटकाबाहेर राहिला.

गोव्यात ‘गोवा नाव व आडनाव बदल कायदा, 1990’ आहे. त्याखाली अर्ज केल्यावर राजपत्रात सूचना छापली जाते आणि हरकतींसाठी 30 दिवस दिले जातात. पण त्या सूचनेत ‘नाव बदलू इच्छिते’ एवढेच असते. तेच कात्रण घेऊन ‘गॅझेट झाले’ म्हणणाऱ्या अनेक जणी मी पाहिल्या आहेत; ती इच्छेची नोंद आहे, बदललेल्या नावाचा पुरावा नव्हे. त्यामुळे हे काम जाहिरात येण्याच्या कितीतरी आधी हाती घ्यावे. तोवर माझी सवय अशी: दहावीचे नाव ज्यावर तसेच आहे असे एक वैध ओळखपत्र शोधायचे आणि परीक्षेला तेच न्यायचे. ते नसेल तर दोन्ही पूर्ण नावे लिहून ‘या दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे’ असे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर वेळेत करून मूळ प्रत न्यायची. आदल्या संध्याकाळी घाईने केलेल्या प्रतिज्ञापत्रात एखादे अक्षर हमखास चुकते, म्हणून मी ते करू देत नाही.

दुसरी चूक खास गोव्याची. सब-रजिस्ट्रारकडे पहिली सही झाली की लग्नाची नोंद झाली असे घरचे समजतात. ती लग्नाच्या इराद्याची घोषणा असते. दुसरी सही होईपर्यंत नोंद पूर्ण होत नाही, आणि पहिल्या सहीचा कागद विवाह प्रमाणपत्र म्हणून चालत नाही.

झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो यांवर विसंबू नये.

यूजीसी नेटच्या सूचनांतही विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचा कायदेशीर कागद मागितलेला आहे.